एकाच वहीतले दोन मण

उधारीच्या वहीचं पान मी कधी वरून वाचायला घेत नाही. आधी तळाची बेरीज शोधतो. नाव, मिती, माल, माप हे सगळं घाईत खरडलेलं असतं, दुकानदाराला स्वतःला कळलं की झालं अशा बेतानं. बेरजेला मात्र तो थांबलेला असतो. तिथं आकडे जरा मोठे येतात, कारण पुढं त्याच आकड्यावर गिऱ्हाईक वाद घालणार असतं. बेरीज लागली की वरच्या ओळी एकेक करून तिच्याशी ताडून पाहायच्या. अक्षर दगा देतं, पण हिशोब सहसा देत नाही.

कन्नड, मराठी आणि इंग्रजी या तिन्हींत कागद इकडून तिकडं करणं हा माझा धंदा. बेळगावात राहून तो केला तर खरेदीखतं, वाटणीपत्रं, जुने उतारे यांचा तोटा पडत नाही. दुकानाच्या वह्या मात्र क्वचित येतात. वारसदारांना त्यात काही मिळायचं नसतं, म्हणून त्या माळ्यावर वाळवीला जातात. ही एक वही त्यातून बचावली. खानापूर तालुक्यातल्या एका गावातलं किराणा दुकान, शके १८७९, म्हणजे इंग्रजी १९५७-५८. धारवाडला खेड्यांतल्या उधारीवर संशोधन करणाऱ्या एका मुलीनं दुकानदाराच्या मुलाकडून पानांचे फोटो मिळवले आणि इंग्रजी करून द्या म्हणून मला पाठवले.

त्या सालाचं महत्त्व आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे सोळा आणे जाऊन शंभर नवे पैसे झाले. किलोचा कायदा १९५६ चाच, पण वजनं प्रत्यक्षात बदलायला १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं सुरुवात झाली आणि ते काम १९६२ पर्यंत चाललं. म्हणजे या वहीत नाणं नवं, वजन जुनं आणि सरकार तिसरंच. दुकानदार मात्र तोच, आणि त्याची लिहायची सवयही तीच.

पहिले फोटो कामाचे नव्हते. फ्लॅश मारून काढलेले, त्यामुळे मधोमध पांढरा डाग आणि कडेला काळोख. शिवाय व्हॉट्सॲपवरून साधे फोटो म्हणून आलेले. साधा फोटो पाठवताना तो दाबून लहान केला जातो, आणि त्यात पहिली जातात ती बारीक रेघोट्या. चेहऱ्याच्या फोटोला त्यानं काही बिघडत नाही. इथं सगळा पैसाच रेघोट्यांत लिहिलेला. तिला म्हटलं, पुन्हा काढून घे. वही खिडकीपाशी ठेवायची, उजेड एका बाजूनं तिरपा येऊ दे, फ्लॅश बंद, आणि फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. आणखी एक, प्रत्येक पानाच्या पाठीचाही फोटो हवा. पाठीचा कशाला, असं तिनं विचारलं. ते पुढं येईल.

आणे लिहायची जुनी रीत ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रुपये आकड्यात. त्यापुढं चार आण्यांची एक उभी रेघ, म्हणून । म्हणजे पावली, ॥ म्हणजे आठ आणे, ॥। म्हणजे बारा. मधले सुटे आणे आडव्या रेघांनी लिहायचे: - एक, = दोन, ≡ तीन. म्हणजे २॥।≡ हे दोन रुपये पंधरा आणे. वाचायला एकदा सवय झाली की याहून सोपं काही नाही. पण यात एक गोम आहे. इथं प्रत्येक रेघ म्हणजे पैसा, आणि कागदावर पैशाखेरीजही रेघा असतात. वहीच्या घडीची रेघ असते, मागच्या पानावरून फुटून आलेली शाई असते, खोडलेली रेघ असते. त्यात लिहिणाऱ्याला मोडीची सवय असेल तर शिरोरेघ आधी पानभर ओढून ठेवलेली आणि अक्षरं तिला लटकवलेली. आमचे हे दुकानदार नावं मोडीत आणि माल बाळबोधीत लिहीत. अनोळखी माणसाला मोडीची ती लांबच लांब रेघ पाहून सगळं नावच खोडलंय असं वाटेल. खोडलेली रेघ अक्षराच्या पोटातून जाते, मोडीची डोक्यावरून, एवढं लक्षात ठेवलं की पुरतं.

आता ते एक पान घेतो. गिऱ्हाइकाच्या नावाखाली पाच ओळी आणि एक खोडलेली. नाव देत नाही, त्याची नातवंडं गावात आहेत.

गूळ ध. १ — १।
तेल शे. ३ — १॥
तेल शे॥ — ।
तेल पा॥ — =
का. २ — -

खाली बेरीज ३≡, तीन रुपये तीन आणे.

तिसरी आणि चौथी ओळ पाहा. दोन्हींत अक्षरापुढं दोन उभ्या रेघा. आपल्याकडं जुन्या लिखाणात शब्द तोडून लिहिला की पुढं दोन रेघा द्यायची पद्धत होती. मु॥ म्हणजे मुक्काम, मौ॥ म्हणजे मौजे, ता॥ म्हणजे तालुका. आणि त्याच दोन रेघा म्हणजे अर्धा. तेव्हा शे॥ म्हणजे नुसता ‘शेर’ असा तोडलेला शब्द, की अर्धा शेर? पा॥ म्हणजे पावशेर, की पावशेराचा निम्मा, म्हणजे नवटाक? अक्षराकडं कितीही वेळ टक लावून पाहिलं तरी याचं उत्तर मिळत नाही.

ते रकमेकडं आहे. दुसऱ्या ओळीत तीन शेर तेलाला दीड रुपया पडलाय, म्हणजे शेराला आठ आणे. तिसऱ्या ओळीची रक्कम चार आणे. म्हणजे तिथं अर्धा शेर, आणि त्या दोन रेघा अर्ध्याच्या. चौथ्या ओळीत रक्कम दोन आणे. शेराला आठ आणे असताना दोन आण्याला पावशेर येतो. नवटाक असता तर एकच आणा पडला असता. म्हणजे इथल्या दोन रेघा अर्ध्याच्या नाहीत, तोडलेल्या शब्दाच्या आहेत. एकाखाली एक दोन ओळी, हात तोच, चिन्ह तेच आणि अर्थ दोन. दुकानदाराला यात काही वावगं वाटलं नसणार, कारण त्यानं ‘पा’ लिहिलं की त्याच्या डोळ्यापुढं ते पावशेराचं माप येत असणार.

आता पुन्हा त्या चौथ्या ओळीची रक्कम. मी ती दोन आणे म्हणून सांगितली, पण फोटोत तिथं तीन आडव्या रेघा दिसत होत्या. तीन आण्याला काय येतं? तीन आण्याला दीड पाव असं काहीतरी आडनिडं माप निघतं. बेरीज केली तर तीन रुपये चार आणे होतात, आणि खाली लिहिलेत तीन रुपये तीन आणे. तेव्हा एक रेघ जास्तीची. पण कुठली? म्हणून पाठीचा फोटो. मोबाईलवरच तो आरशासारखा डावीउजवीकडं उलटायचा आणि पुढच्या पानाशेजारी ठेवायचा. मागच्या पानावर नेमक्या त्या जागी एक दणदणीत रेघ होती, तीच फुटून पुढं आलेली, जरा तपकिरी आणि कडेनं पसरट. कागदावर पुढून ओढलेली रेघ अशी पसरत नाही, तिच्या कडा धरून असतात. दोन आणे कायम झाले.

पहिल्या ओळीतल्या ‘ध.’ वर जरा जास्त वेळ गेला, आणि खरी गंमतही तिथंच होती. ध म्हणजे धडा. आमच्याकडच्या म्हाताऱ्या लोकांच्या तोंडात हा शब्द आहे, आणि किती शेरांचा म्हणून विचाराल तर प्रत्येक जण आपापल्या पेठेचं सांगेल. या वहीत मात्र भावाची यादी होती, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला. तिथं गूळ मणाला ५ रुपये. इथं धड्याला सव्वा रुपया. म्हणजे धडा हा मणाचा चौथा भाग, आणि मण चाळीस शेरांचा धरला तर धडा दहा शेरांचा. इथवर ठीक.

पण त्याच वहीच्या मागच्या भागात खरेदीचं खातं आहे. माल बेळगावच्या रविवार पेठेतून यायचा, आजही त्या बाजूची दुकानं तिथूनच भरतात. खरेदीच्या ओळीत लिहिलंय: गूळ ढे. १, म. १, रु. १५. ढेप एक, मण एक, पंधरा रुपये.

पंधरा रुपये मणानं घ्यायचा आणि पाच रुपये मणानं विकायचा! त्या मुलीनं प्रबंधाच्या टिपणात लिहूनही ठेवलं होतं की दुकानदार गिऱ्हाईक धरून ठेवण्यासाठी गूळ तोट्यात देत असावा. मी तिला म्हटलं, बाई, खानापूरकडचा कुठलाही दुकानदार दाखव मला, तीन हिश्श्यांतले दोन हिस्से तोटा खाऊन दुसऱ्या दिवशी फळी उघडणारा.

मण दोन आहेत. पेठेतल्या घाऊक व्यवहारात पक्का मण, चाळीस पक्क्या शेरांचा, आणि पक्का शेर ८० तोळ्यांचा. गावात किरकोळीला कच्चा शेर. दक्षिणेकडं, म्हैसूर मुलखात, २४ तोळ्यांचा कच्चा शेर रूढ होता. तोच इथं लावून पाहू. पक्का मण झाला ३२०० तोळे, कच्चा ९६०. पंधरा रुपयांना ३२०० तोळे, तर ९६० तोळ्यांना साडेचार रुपये. विक्री पाच रुपयांनी. साडेचारावर आठ आणे नफा, त्यातून गाडीभाडं जायचं. हा आकडा कुठल्याही किराणा दुकानाला शोभतो. नफा माणसासारखा दिसायला लागला की माप बरोबर लागलं असं समजावं.

तरीही हे अनुमानच. नफा शोभतो एवढ्यावर मी अनुवादात २४ तोळे लिहिले नसते. सुदैवानं दोन पानं पुढं एक ढेप अख्खीच्या अख्खी कुणाच्या तरी लग्नासाठी गेलेली सापडली. ती उधारीत अशी मांडलीय: म. ३ ध. १ शे. ३. आता बघा, ३२०० तोळ्यांतून ९६० चे तीन मण काढले की उरतात ३२०. त्यातून २४० चा एक धडा गेला की ८० राहतात. त्यात २४ चे तीन शेर, आणि वर आठ तोळे. म्हणजे दुकानदाराच्या मापानं ती ढेप बरोबर एवढीच भरायला हवी होती, आणि वरचे आठ तोळे त्यानं लिहिलेले नाहीत. ते गोणपाटाला चिकटले, पाझरले की लग्नघराला सोडून दिले, ते वही सांगत नाही. वीस तोळ्यांचा किंवा तीस तोळ्यांचा शेर धरला असता तर हे गणित जवळपाससुद्धा आलं नसतं. तिथं मी पेन खाली ठेवला आणि चहा मागवला.

अनुवादात मग हे कसं उतरवायचं? ‘मण’ आणि ‘शेर’ मी तसेच ठेवले, रोमन अक्षरांत, आणि पहिल्यांदा येतात तिथं टीप दिली: या वहीत खरेदीचा शेर ८० तोळ्यांचा, सुमारे ९३३ ग्रॅम, विक्रीचा २४ तोळ्यांचा, सुमारे २८० ग्रॅम, दुसरा आकडा वहीतल्याच अमुक दोन नोंदींवरून काढलेला. ओळींमध्ये किलो घातले नाहीत. एकदा का ओळीत किलो शिरले की वाचणाऱ्याला ते वहीतलेच वाटतात, आणि पुढं कुणाला आपलं गणित तपासायची सोयच राहत नाही.

तांदळाच्या ओळींत तर तीही सोय नव्हती. खानापूर हा भाताचा मुलूख, आणि तांदूळ तिथं जोखायचे नाहीत, मापायचे. ‘तां. पा. १ मा. १’ अशी नोंद येते. तेलापुढचा पा पावशेर होता, तांदळापुढचा पा पायली, आणि मा म्हणजे मापटं. चार शेरांची पायली, दोन मापट्यांचा शेर, हे कोष्टक आमच्या आधीच्या पिढीला तोंडपाठ होतं. पण हा शेर वजनाचा नव्हे, भांड्याचा. त्यात जुना तांदूळ एक भरणार, नवा दुसरा, आणि माप शिगेला भरलं की काठाला हात फिरवून सपाट केलं यावर आणखी फरक पडणार. तेव्हा तांदळाच्या ओळीला मी ग्रॅम लावायला साफ नकार दिला. तिच्या तक्त्यात तो रकाना मापाचा वेगळा पाडला, वजनाच्या रकान्याशी त्याची बेरीज करायची नाही अशी तंबी देऊन.

मितीचंही एक सांगून टाकतो. ‘आ. व. १२’ लिहिलं असेल तर तो आषाढ की आश्विन? माघ आणि मार्गशीर्षाचंही तसंच, दोन्ही ‘मा.’ यावर तर्क लढवत बसू नये, पानं पुढंमागं करून बघावीत. आमच्या पानाच्या आधी ‘ज्ये.’ होता आणि नंतर ‘श्रा.’ मिटला प्रश्न. फोटो मात्र पानांच्या क्रमानं काढलेले हवेत, आणि ते कधीच तसे नसतात.

आता खोडाखोड. वहीत तीन तऱ्हांची खोडाखोड होती आणि अनुवादात तिन्ही वेगवेगळ्या दाखवाव्या लागल्या.

पहिली म्हणजे त्या पाच ओळींच्या मधली सहावी, ‘चहा पुडा १ — =’, पोटातून आडवी आखूड रेघ मारलेली. बेरजेत ते दोन आणे धरलेले नाहीत. म्हणजे नोंद चुकली किंवा माल परत आला, आणि ते बेरीज करायच्या आधी घडलं. दुसरी म्हणजे त्या अख्ख्या खात्यावरून डावीकडून उजवीकडं उतरत गेलेली लांब तिरपी रेघ, बेरीजसुद्धा पोटात घेऊन. नवख्या माणसाला वाटेल सगळा हिशोबच रद्द केला. दुकानदाराचा मुलगा आता स्वतःच सत्तरीच्या पुढं आहे, त्याला फोन लावला तर तो म्हणाला, ‘तसं न्हवं हो, पैसे आले की आप्पा काट मारायचे. काट नाही त्याच्या घरी मग मला पाठवायचे की!’ म्हणजे ज्या खात्यावर काट आहे तेच खातं पूर्ण आणि खरं. बिनखोडाची पानं ती बुडालेली. इंग्रजीत नुसतं ‘खोडलेले’ असं लिहिलं असतं तर वाचणाऱ्यानं नेमकी हीच पानं बाद केली असती आणि बुडीत तेवढी हिशोबात धरली असती. म्हणून आखूड रेघेला मी ‘रद्द नोंद’ म्हटलं आणि लांब तिरप्या रेघेला ‘खाते चुकते’, दोन्ही चौकटी कंसात, आणि खालचा मजकूर पूर्ण दिला.

त्या काटेशेजारी समासात एक ओळ होती: ‘बं. ३-१९’. आधी त्या मुलीनं तो ‘बंद’ वाचला होता, खातं बंद. वाचायला वावगं काही नाही. पण दुसऱ्या एका खात्यावर ‘बं. १’ लिहून पुढं उधारी चालूच आहे, काट नाही काही नाही. बंद झालेलं खातं पुढं चालत नाही. हे आहे कन्नड ‘बंतु’, आले. मराठी वहीत, बाळबोध अक्षरात, कन्नड क्रियापद तोडून लिहिलेलं. आमच्या भागात यात नवल काही नाही. गिऱ्हाईक ज्या भाषेत पैसे ठेवतं त्या भाषेत ते वहीत येतात.

आणि ते ३-१९? बाकी होती तीन रुपये तीन आणे, आले तीन रुपये एकोणीस. तक्त्यात हे ३.३ आणि ३.१९ असं भरलं गेलं होतं, आणि संगणकानं इमानानं अकरा पैसे येणे दाखवले होते. आण्याचे नवे पैसे होतात सव्वासहा. अपूर्णांक टाळायला सरकारनं कोष्टक काढलं होतं: एका आण्याला ६, दोनला १२, तीनला १९, चारला २५. तीन आणे म्हणजे एकोणीस नवे पैसे. उधारी जुन्या पैशात मांडली, फेड नव्या पैशात आली, आणि एका पैशाचीही बाकी राहिली नाही. वर्षभर दुकानदार दोन्ही चालवत होता. नावे टाकताना हात आपसूक आण्यांकडं जायचा, आणि गल्ल्यात यायची ती नवी नाणी.

खोडाखोडीची तिसरी तऱ्हा पुठ्ठ्यावरच्या भावाच्या यादीत. साखरेसमोर चार आकडे, तीन खोडलेले: ।- मग ।= मग ३७, आणि शेवटी शाबूत ४०. यादीचा अनुवाद म्हणून शेवटचा आकडा तेवढा द्यायचा, असं कुणीही म्हणेल. दुकानात टांगलेल्या यादीला ते चालेलही. पण या यादीत शाबूत आकडा हा फक्त वही संपली त्या दिवसाचा भाव आहे. बाकी सगळा काळ खोडलेल्या आकड्यांत बसलाय. मग ते क्रमानं द्यायचे. आणि क्रमानं दिले तरी तीनदा भाव बदलला असं म्हणता येत नाही. पाच आण्यांचे सहा आणे झाले ती पहिली वाढ. सहा आण्यांचे सदतीस पैसे, ती वाढ नाहीच. कोष्टकात सहा आण्यांसमोर ३७ च आहेत. तिथं नाणं बदललं, साखर होती तिथंच. ३७ चे ४० झाले तेव्हा पुन्हा भाव हलला. त्या मुलीच्या आलेखात मधे एक पायरी होती, ती काढून टाकायला लागली. तिला जरा वाईट वाटलं, कारण ती पायरी नेमकी नाणं बदललं तिथं येत होती आणि तिच्यावर तिनं अर्धं प्रकरण रचलं होतं.

एवढं सगळं लागल्यावर तिला वाटलं, आता त्या पाचव्या ओळीचंही लावून टाका. ‘का. २’, रक्कम एक आणा. काड्याच्या पेट्या दोन? कापराच्या वड्या दोन? की मुलांच्या हातात द्यायच्या कागदी पुड्या कसल्या तरी? भावाच्या यादीत ‘का’ नं सुरू होणारं काही नाही. वहीत दुसरीकडं ‘का.’ पुन्हा येतो तो ‘का. १’ म्हणून, अर्ध्या आण्याला, म्हणजे दर जुळला पण वस्तू कळली नाही. म्हाताऱ्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, ‘काड्यापेटीच असणार की हो, दुसरं काय?’ आणि मग जरा थांबून, ‘नाहीतर कापूर. सोमवारचा असला तर कापूर.’ त्या मितीचा वार काढण्यापर्यंत त्या मुलीची तयारी होती.

मी म्हटलं, वार काढून काय करशील, सोमवारी काय चुली पेटत नाहीत? बेरजेनं तो आणा पक्का केलाय, तेवढाच आपला. इंग्रजीत मी ‘का.’ रोमन अक्षरात तसाच लिहिला, पुढं २, आणि चौकटी कंसात ‘वस्तू निश्चित नाही, काड्यापेटी किंवा कापूर, दुकानदाराच्या मुलाच्या सांगण्यावरून’. तक्ता भरायचा म्हणून तिला तिथं एक शब्द हवाच होता, एक्सेलमध्ये रिकामा रकाना गाळणी लावताना त्रास देतो म्हणे. मग तिनं मालाच्या वर्गांत आणखी एक वर्ग वाढवला आणि त्याचं नाव ठेवलं ‘का.’ अजून सहा पानं व्हायची आहेत आणि त्या वर्गात आत्ताच अकरा नोंदी झाल्यात.